पत्ता पावसचा, हॉस्पिटल मुंबईचं: पहिल्या हेल्थ पॉलिसीचा प्रीमियम कसा ठरतो

प्रश्न: मी पावसला राहतो, वय ३५, आंबा-काजूची बाग आहे. बायको ३२, मुलगी ६. बाबा ६३, त्यांना बीपी आणि शुगर. आई ५८. पहिल्यांदाच हेल्थ पॉलिसी घेतोय. त्याच कंपनीची तेवढ्याच रकमेची पॉलिसी ठाण्याच्या भावाला जास्त प्रीमियम दाखवते, मला कमी. एजंट म्हणतो, पाचही जणांची एकच घ्या. प्रीमियम नेमका कशावर ठरतो आणि मला स्वस्त दाखवतात त्यात गोम काय?

उत्तर: गोम पत्त्याच्या रकान्यात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. वय, सवयी, विम्याची रक्कम हे सगळं येईलच. पण आपल्या किनारपट्टीवरच्या माणसाला सगळ्यात जास्त नुकसान पत्त्याचा अर्थ न समजल्यामुळे होतं. रत्नागिरी जिल्ह्यात बरीच वर्षं हेच काम करतोय, त्यामुळे हे खात्रीने सांगू शकतो.

बऱ्याच कंपन्या देशाचे दोन, तीन किंवा जास्त झोन करतात. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, दिल्लीचा परिसर हे सर्वांत महागड्या झोनमध्ये. पुणे एका कंपनीच्या यादीत पहिल्या झोनमध्ये असतं, तर दुसरीच्या यादीत दुसऱ्या. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग बहुतेक वेळा शेवटच्या, म्हणजे सर्वांत स्वस्त झोनमध्ये येतात. हिशेब सरळ आहे: पावसचा माणूस आजारी पडला तर जवळपासच उपचार घेईल, तिथलं बिल ठाण्यापेक्षा कमी येईल, म्हणून प्रीमियमही कमी. तुमच्या भावाला जास्त आणि तुम्हाला कमी दिसतो तो एवढ्यासाठीच.

आता आपल्याकडे प्रत्यक्षात काय होतं ते बघा. डेंग्यू, पावसाळ्यातला लेप्टो, अपेंडिक्स, बाळंतपण हे रत्नागिरीत होऊन जातं, तिथपर्यंत कंपनीचा अंदाज बरोबर. पण बायपास, मेंदूतला रक्तस्राव, कॅन्सरचे उपचार, दिवस भरायच्या आधी जन्मलेलं बाळ, अशा वेळी गाडी घाटाकडे वळते. रत्नागिरीकर आंबा घाटाने कोल्हापूर गाठतो. चिपळूणकर कुंभार्ली चढून कराडला जातो. सावंतवाडी, बांद्याचा माणूस गोव्यात बांबोळीला जातो. आणि ज्याचा भाऊ, मुलगा किंवा बहीण मुंबईत आहे तो बहुतेक मुंबईला जातो, कारण तिथे डबा आणणारं, रात्री हॉस्पिटलमध्ये थांबणारं कोणीतरी असतं. तुमचा भाऊ ठाण्यात आहे. उद्या बाबांच्या छातीत दुखलं आणि प्रवास झेपण्यासारखा असला, तर भाऊ फोनवर काय म्हणेल ते तुम्हाला आत्ताच माहीत आहे.

आणि नेमक्या याच प्रसंगासाठी काही पॉलिसींमध्ये एक कलम असतं. स्वस्त झोनचा प्रीमियम भरणाऱ्याने महाग झोनच्या शहरात उपचार घेतले, तर बिलातला ठरावीक हिस्सा त्याने स्वतः भरायचा. याला को-पे म्हणतात आणि झोनसाठीचा को-पे साधारण १० ते २० टक्के असतो. काही कंपन्या अपघाताला किंवा तातडीच्या भरतीला यातून सूट देतात. काही पॉलिसींमध्ये हे कलमच नसतं, झोन फक्त प्रीमियम ठरवायला वापरतात. जाहिरातीच्या पानावर हे दिसत नाही. पॉलिसीच्या पूर्ण मजकुरात ‘झोन’, ‘को-पेमेंट’ किंवा ‘भौगोलिक क्षेत्र’ अशा नावाच्या भागात ते असतं.

आकड्यांत मांडतो. पुढचे सगळे आकडे मी हिशेब कळावा म्हणून गोल धरले आहेत, ते कुठल्या कंपनीचे दर नाहीत. समजा बाबांचा १० लाखांच्या कव्हरचा प्रीमियम शेवटच्या झोनमध्ये वर्षाला ३५,००० आहे आणि पहिल्या झोनमध्ये ४२,०००. फरक ७,०००. बाबांची ठाण्यात शस्त्रक्रिया झाली, बिल ४ लाख, झोनचा को-पे २० टक्के. म्हणजे ८०,००० रुपये तुमच्या खिशातून. वर्षाला ७,००० वाचवत हा खड्डा भरायला अकरा वर्षांहून जास्त लागतील. तुम्ही, बायको आणि मुलगी या तिघांसाठी हाच फरक समजा वर्षाला ३,००० आहे. तेवढ्याच बिलाला ८०,००० भरायची वेळ आली, तर सव्वीस वर्षांची बचत एका आजारपणात गेली.

म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारतो: मोठं दुखणं आलं तर कुठे नेणार? उत्तर कोल्हापूर असेल तर कंपनीच्या यादीत कोल्हापूर कुठल्या झोनमध्ये आहे ते बघा. रत्नागिरीच्याच झोनमध्ये असेल तर स्वस्त प्रीमियम निर्धास्त घ्या, जास्त भरण्यात अर्थ नाही. उत्तर मुंबई-ठाणे असेल तर दोन वाटा आहेत. झोनचा को-पे नसलेली पॉलिसी शोधायची, किंवा ज्या कंपन्या सुरुवातीलाच वरचा झोन निवडू देतात त्यांच्याकडे वरचा प्रीमियम भरायचा. पहिली वाट मिळाली तर तीच घ्या. गोव्याला जाणाऱ्यांनी गोवा यादीत कुठे बसतं हे मुद्दाम तपासावं. राज्य वेगळं, पण अंतर थोडं, त्यामुळे हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

तिसरीही एक वाट आहे. सगळ्या कंपन्यांना ठेवावी लागणारी ‘आरोग्य संजीवनी’ नावाची प्रमाणित पॉलिसी एप्रिल २०२० पासून आहे. विमा नियामकाच्या नियमानुसार तिचा प्रीमियम देशभर एकच ठेवावा लागतो, झोननुसार बदलता येत नाही. पण तिच्यात प्रत्येक क्लेमवर ५ टक्के को-पे असतो आणि खोलीचं भाडं विमा रकमेच्या २ टक्के, जास्तीत जास्त दिवसाला ५,००० एवढंच मिळतं. त्या ५,००० चा अर्थ मुंबईत काय होतो, ते पुढे सांगतो.

भावाचा पत्ता वापरायचा किंवा भावाने गावचा वापरायचा, हा विचार मनात असेल तर काढून टाका. कोकणात हे फार होतं, कारण चाकरमान्याचं नाव गावच्या रेशनकार्डावर असतं आणि कित्येकांचं आधारही गावच्याच पत्त्यावर. ते आधार जोडलं की आपोआप स्वस्त झोन लागतो आणि कोणाला काही वाटत नाही. पण फॉर्ममध्ये विचारतात ते राहण्याचं ठिकाण. वर्षाचे अकरा महिने ठाण्यात राहून गणपती-शिमग्याला गावी येणाऱ्याचं राहण्याचं ठिकाण ठाणेच. क्लेम आल्यावर डिस्चार्ज कार्डावर ठाण्याचा पत्ता, नोकरी ठाण्यात, आधीच्या तपासण्या ठाण्यातल्या, सगळं उघड होतं. मग को-पे लागतो किंवा माहिती चुकीची दिल्याचा वाद उभा राहतो. राहण्याची जागा बदलली तर कंपनीला लेखी कळवा, पुढच्या नूतनीकरणाला प्रीमियम त्याप्रमाणे बदलतो.

आता वय. प्रीमियमवर सगळ्यात मोठा भार वयाचाच आहे आणि तुमच्या एजंटचा सल्ला इथे घसरतो. एकाच रकमेत सगळं कुटुंब बसवणाऱ्या पॉलिसीला फ्लोटर म्हणतात. काही कंपन्या प्रत्येकाचा दर वेगळा धरून सूट देतात, पण बऱ्याच फ्लोटरमध्ये दर ठरतो तो घरातल्या सर्वांत मोठ्या सदस्याच्या वयावर. तुमच्या घरात ते वय ६३. म्हणजे सहा वर्षांच्या मुलीसह सगळ्यांचा हिशेब बाबांच्या वयाच्या तक्त्यातून होणार. शिवाय १० लाख पाच जणांत वाटले जाणार. मार्चमध्ये बाबांवर ७ लाख खर्च झाले तर उरलेलं वर्ष चौघांना ३ लाखच राहतात. काही पॉलिसींमध्ये संपलेली रक्कम पुन्हा भरून मिळते, पण तिच्याही अटी असतात. तुम्हा तिघांचा एक फ्लोटर आणि आई-बाबांच्या वेगळ्या पॉलिसी, हेच माझ्या मते बरोबर.

वय म्हणजे पॉलिसी सुरू होण्याच्या दिवशी पूर्ण झालेलं वय. बऱ्याच कंपन्या पाच-पाच वर्षांचे टप्पे करतात: ३१ ते ३५, ३६ ते ४० असे. तुम्ही ३५ चे आहात. पुढचा वाढदिवस उलटला की नव्या टप्प्यात जाल. वाढदिवसाआधी घेतलीत तर जुना टप्पा मिळेल, पण फक्त त्या वर्षापुरता. दोन किंवा तीन वर्षांची पॉलिसी एकरकमी घेतलीत तर तेवढी वर्षं.

इथे एक गैरसमज मोडतो, कारण तो विकणारेच पसरवतात. ‘लहान वयात घेतली की प्रीमियम जन्मभर कमी राहतो’ हे मुदतीच्या जीवन विम्याचं वाक्य आहे, हेल्थ पॉलिसीला लागू नाही. हेल्थ पॉलिसीत वय वाढेल तसा दर वाढतो. पन्नाशीला तुमचा टप्पा, आज घेतलेली असो वा तेव्हा, तोच असेल. पहिला क्लेम येईपर्यंत प्रवेशाच्या वयाचा दर गोठवणारी उत्पादनं बाजारात आहेत, पण तो अपवाद. लवकर घेण्याचा खरा फायदा वेगळा आहे. आज तुम्हाला बीपी नाही, शुगर नाही, त्यामुळे साध्या दराने प्रवेश मिळतो. पुढे काही झालं तर आधीपासून असलेल्या पॉलिसीत ते नंतर आलेलं दुखणं ठरतं आणि त्यासाठी तुमच्यावर वेगळा भार टाकता येत नाही. क्लेम घेतला म्हणून फक्त तुमचा प्रीमियम वाढवला, असंही कंपनीला करता येत नाही. त्या उत्पादनातल्या सगळ्यांचा दर मात्र ती वाढवू शकते आणि वाढवते. ६० वर्षांवरच्यांसाठी विमा नियामकाने जानेवारी २०२५ मध्ये बंधन घातलं: वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढ करायची तर कंपनीने आधी नियामकाशी चर्चा करायची. बाबांना याचा उपयोग आहे.

आई-बाबांच्या जन्मतारखा आधी तपासून घ्या. त्या पिढीत शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकलेली माणसं घरोघरी आहेत. आधारवर एक, पॅनवर दुसरी, शाळेच्या दाखल्यावर तिसरी तारीख असते. कंपनी दाखवलेल्या कागदावरच्या तारखेनुसार टप्पा ठरवते. क्लेमच्या वेळी दुसरा कागद दुसरं वय सांगायला लागला की पैसे अडकतात. आधी सगळे कागद एकसारखे करून घ्या, मग फॉर्म भरा.

सवयींचा भाग लोक सगळ्यात हलका घेतात. फॉर्ममध्ये विचारतात: कुठल्याही स्वरूपात तंबाखू घेता का, किती, किती वर्षं? दारू घेता का, आठवड्याला किती? माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक चूक सांगतो. लांज्याकडच्या एका काकूंचा फॉर्म भरत होतो. विचारलं, “तंबाखू खाता?” त्या म्हणाल्या, “नाय हो, मी कधी तंबाखू खाल्लान नाय.” मी ‘नाही’वर खूण केली. दीडेक वर्षाने गालाच्या आतून पांढरा चट्टा आला, तुकडा काढून तपासायला सांगितला. हॉस्पिटलच्या केसपेपरवर डॉक्टरांनी विचारून लिहिलं: मिश्री, २५ वर्षं. कंपनीने केसपेपर मागवले आणि माहिती दडवली म्हणून क्लेम नाकारला. काकू खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासायची वस्तू, खायची नव्हे. प्रश्न मी चुकीचा विचारला होता. तेव्हापासून मी घरातल्या बायकांना ‘दात कशाने घासता?’ असं विचारतो आणि उत्तर शब्दशः लिहितो. तुमच्या आईला तुम्ही स्वतः विचारा.

मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. निकोटिन शरीरात गेलं की त्याचं कोटिनिन होतं आणि ते लघवीच्या तपासणीत पुढचे काही दिवस सापडतं. त्यामुळे ‘मिश्री आहे’ असं लिहिलं तर कंपनी एखादी तपासणी सांगेल, तोंडाची पाहणी करायला सांगेल, कदाचित थोडा जादा प्रीमियम लावेल. बऱ्याचदा तोही लावत नाही. ‘नाही’ लिहिलं तर आजचे दोन-चार हजार वाचतील आणि ज्या दुखण्याची भीती आहे नेमकं त्याच दुखण्यात पॉलिसी हातातून जाईल. दारूचंही असंच. माडी आणि काजूची फेणी ‘दारू’ या शब्दात बसत नाहीत असं समजणारे पुष्कळ आहेत. बसतात. प्रमाण खरं लिहा.

बाबांच्या बीपी-शुगरचा भार मात्र नक्की पडणार. प्रकृती बघून मूळ दरावर टाकलेल्या या वाढीव रकमेला लोडिंग म्हणतात. किती ते औषधं किती, शुगर कितपत ताब्यात, वजन-उंचीचं प्रमाण, मूत्रपिंडाचा रिपोर्ट कसा, यावर ठरतं. कंपनीने लोडिंग तुम्हाला आधी कळवून, तुमची संमती घेऊनच पॉलिसी द्यायची असते. नको वाटलं तर नाही म्हणा आणि दुसरीकडे विचारा. एकाच माणसाला दोन कंपन्यांकडून वेगवेगळं लोडिंग मी नेहमी बघतो. फॉर्म भरण्याच्या आधीच्या तीन महिन्यांत बाबांनी गोळ्या चुकवल्या नाहीत आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट बरा आला, तर लोडिंगमध्ये खरोखर फरक पडतो.

त्याबरोबर वेटिंग पिरियड येतो. आधीपासून असलेल्या आजाराशी संबंधित उपचारांना कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने थांबायला लावू शकते. एप्रिल २०२४ पर्यंत ही मर्यादा ४८ महिन्यांची होती. बाबांच्या बाबतीत याचा अर्थ नीट समजून घ्या. पहिल्या तीन वर्षांत हृदयाचं काही निघालं तर कंपनी ते बीपी-शुगरशी जोडू शकते आणि क्लेम मिळणार नाही. झोनचा जो हिशेब मी वर केला, तो अशा दुखण्यासाठी चौथ्या वर्षापासून लागू होतो. त्याआधी डेंग्यू, न्यूमोनिया, पडून मोडलेलं हाड असल्या गोष्टी मिळतील. काही कंपन्या जादा प्रीमियम घेऊन ही मुदत कमी करतात. बाबांसाठी तो पर्याय विचारून ठेवा, महाग असतो पण ६३ व्या वर्षी त्याला अर्थ आहे. आणि काही कंपन्या नूतनीकरणाच्या वेळी झोन बदलू देतात. तसं असेल तर पहिली तीन वर्षं खालचा झोन आणि मग वरचा, असंही जमू शकतं. हे लेखी विचारा, तोंडी नको.

आता विम्याची रक्कम. ५ लाखांऐवजी १० लाख घेतले तर प्रीमियम दुप्पट होत नाही. तुमच्या तिघांचा ५ लाखांचा १२,००० असेल तर १० लाखांचा १५,००० च्या आसपास येतो असं धरा. कारण बहुतेक क्लेम पहिल्या दोन-तीन लाखांतच संपतात, त्यावरच्या लाखांपर्यंत पोचणारे थोडे. म्हणून वरचे लाख स्वस्त पडतात. त्याहून मोठं कव्हर हवं असेल तर सुपर टॉप-अप नावाची पॉलिसी असते, ती ५ किंवा १० लाखांच्या वरच्याच खर्चाला सुरू होते, म्हणून बरीच स्वस्त असते.

रकमेपेक्षा जास्त डोळ्यांत तेल घालून बघायची गोष्ट म्हणजे खोलीभाड्याची मर्यादा. स्वस्त पॉलिसी स्वस्त का, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं आणि इथेही पुन्हा शहरच आडवं येतं. समजा ५ लाखांची पॉलिसी, खोलीभाडं दिवसाला १ टक्का, म्हणजे ५,०००. रत्नागिरीत तुम्ही २,५०० च्या खोलीत राहिलात तर ही मर्यादा तुम्हाला जाणवणारही नाही. ठाण्यात ८,००० च्या खोलीत सहा दिवस राहिलात. खोलीचे ४८,००० झाले, मिळणार ३०,०००. पण एवढ्यावर थांबत नाही. सर्जनची फी, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे खोलीच्या वर्गानुसार बदलतं, म्हणून तेही त्याच प्रमाणात, म्हणजे आठातले पाच हिस्से एवढंच मिळतं. हा खर्च १,६०,००० असेल तर कंपनी १ लाख देईल. तुमच्या खिशातून १८,००० आणि ६०,०००, मिळून ७८,००० गेले. औषधं, शरीरात बसवलेल्या वस्तू, तपासण्या यांना आणि आयसीयूच्या खर्चाला ही कात्री लावता येत नाही. ज्या हॉस्पिटलमध्ये खोलीनुसार दर बदलत नाहीत तिथेही नाही. तरी आकडा मोठाच आहे. आणि झोनचा को-पे याच्यावर वेगळा. रत्नागिरीत उत्तम चालणारी पॉलिसी ठाण्यात दोन्ही बाजूंनी कापली जाते ती अशी.

म्हणून तुमच्या तिघांसाठी मी १० लाख, खोलीभाड्याला मर्यादा नाही किंवा ‘एक माणसाची साधी खासगी खोली’ असा शब्द असलेली पॉलिसी बघेन. बाबांसाठी रक्कम थोडी कमी चालेल, पण खोलीची मर्यादा आणि झोनचा को-पे टाळेन. पैसे कमी पडत असतील तर आधी रक्कम ५ किंवा ७ लाखांवर आणा, नाहीतर स्वेच्छेचं डिडक्टिबल घ्या, म्हणजे वर्षातला पहिला ठरावीक खर्च तुमचा आणि त्यावरचा कंपनीचा. समजा ते २५,००० आहे, तर आकडा आजच ठाऊक आहे आणि तेवढे बाजूला काढून ठेवता येतात. टक्केवारीचा को-पे बिलासोबत वाढत जातो, म्हणून त्याची तयारी करता येत नाही.

तुमच्या घराचा एकूण हिशेब असा दिसतो. तुम्ही तिघे, फ्लोटर, १० लाख: १५,०००. बाबा: मूळ दर २८,०००, त्यावर २५ टक्के लोडिंग ७,०००, मिळून ३५,०००. आई, लोडिंग नाही असं धरून: १९,०००. एकूण ६९,०००. सगळ्यांचा झोन वरचा घेतला आणि फरक २० टक्के धरला तर ८२,८००. फक्त बाबांचा घेतला तर ७६,०००. आईचा नको का, असं विचाराल. आईलाही ठाण्यालाच नेणार असाल तर तिच्यासाठीही हवा, त्याचे ३,८०० वाढतील. बाबांच्या आजाराकडे बघून आईचं राहून जातं, हे मी अनेक घरांत बघितलंय. आणि झोनचा को-पे नसलेली पॉलिसी मिळाली तर वरच्या झोनचा प्रश्नच राहत नाही.

कोटेशन बघताना एक लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर हेल्थ पॉलिसींवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. भावाने त्याआधी भरलेल्या पावतीशी आजचा आकडा ताडून बघू नका, मूळ प्रीमियमशी मूळ प्रीमियम बघा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारकांना वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण यादीतल्या हॉस्पिटलमध्ये आणि यादीतल्या उपचारांसाठीच. त्याने तुमचा प्रीमियम कमी-जास्त होत नाही. बाबांच्या वेटिंगच्या तीन वर्षांत मात्र ती योजनाच तुमचा खरा आधार आहे, म्हणून पाचही जणांची कार्डं आधी काढून घ्या. सत्तरीनंतर उत्पन्न न बघता मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्डही आहे, बाबांना त्याला अजून सात वर्षं आहेत.

पैसे भरण्याआधी कंपनीला, एजंटला नव्हे, एक ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. मजकूर साधा असू द्या: ‘मी पावस, जिल्हा रत्नागिरी येथे राहतो. या पॉलिसीत माझा झोन कोणता? मी ठाणे, मुंबई किंवा कोल्हापूर येथे उपचार घेतल्यास झोनमुळे को-पे लागेल का, किती? अपघात आणि तातडीच्या भरतीला सूट आहे का? खोलीभाड्याला मर्यादा आहे का? नूतनीकरणाच्या वेळी झोन बदलता येतो का?’ यातल्या एकाही प्रश्नाला ‘पॉलिसीच्या अटींनुसार’ एवढंच उत्तर आलं तर कलमाचा क्रमांक मागा.

पॉलिसी हातात आली की तिच्यासोबत तुमच्या भरलेल्या फॉर्मची प्रत येते. ती मोठ्याने वाचा, आई-बाबांना समोर बसवून. वय, पत्ता, बीपी कधीपासून, गोळ्यांची नावं, मिश्री, सगळं. एजंटने घाईत ‘नाही’वर खूण केलेली असेल तर लगेच लेखी दुरुस्ती पाठवा. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परतही करता येते. थोडी कपात होऊन पैसे मिळतात. ६० महिने सलग पॉलिसी चालू राहिली की त्यानंतर माहिती दडवली या कारणाने कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. पण त्या काकूंचा चट्टा अठराव्या महिन्यात आला होता.

फॉर्म भरून झाला की आईच्या मिश्रीचं काय लिहिलंत आणि बाबांवर किती टक्के लोडिंग आलं, ते इथे जरूर कळवा. लोडिंग जास्त वाटलं तर रिपोर्टमधला कुठला आकडा नडला ते बघून सांगतो.